मदत हवी आहे: ॲडव्हान्स टॅक्स भरला तरी रिटर्नमध्ये २३४ बी आणि २३४ सी दोन्ही व्याजं लागलीयत

गेरवाली
नमस्कार मंडळी, मी इंदूरची, घरून वेब डेव्हलपमेंटचं फ्रीलान्स काम करते, बहुतेक क्लायंट बाहेरचे आणि एक इथला, तो टीडीएस कापतो. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न भरतेय, आयटीआर-४, ४४ एडीए, नवी रेजीम. पावत्या २४ लाख, त्याचे निम्मे म्हणजे १२ लाख उत्पन्न दाखवलं, सेससकट टॅक्स ८३,२०० आला. टीडीएस १८,००० कापलेला आहे, म्हणजे राहिले ६५,२००.

त्यातले ३०,००० मी मार्चमध्येच ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरले होते, तारीख पक्की आठवते कारण १९ मार्चला रंगपंचमी होती, राजवाड्यावर गेर बघून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम हेच केलं. उरलेले ३५,२०० ऑगस्टअखेर भरायचे ठरवलेले पण ३१ ला गौरी आल्या, घरात माणसंच माणसं, मग विसर्जन झाल्यावर ३ सप्टेंबरला भरले. मला वाटलं हिशेब चुकता झाला. काल बाप्पांना निरोप दिला आणि रात्री रिटर्न उघडलं तर २३४ बी मध्ये २,११२ आणि २३४ सी मध्ये ६५२, आणि खाली Amount payable २,७६०!

एकाच टॅक्सवर दोनदा व्याज कसं काय? आणि २,११२ अधिक ६५२ तर २,७६४ होतात, मग २,७६० कुठून आले? मुदत तर १५ सप्टेंबरपर्यंत वाढलीय ना, मग उशीर कसला? कोणी नीट समजावून सांगेल का, पैसे भरायचे असतील तर भरते पण कशाचे भरतेय ते कळायला हवं.

लष्करकर
ताई, मी ग्वाल्हेरचा, बँकेतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. एफडीचं व्याज आणि पेन्शन मिळून टॅक्स बसतो, मी कायम जुलैमध्येच एकदम भरतो आणि मला आजपर्यंत हे व्याज एकदाही लागलेलं नाही. तुमच्या फॉर्ममध्येच काहीतरी चुकीचं भरलं गेलंय असं वाटतं, पुन्हा पहिल्यापासून भरून बघा.

ससा_बडोदा
चुकलेलं आहेच. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम कायद्याने ॲडव्हान्स टॅक्सच धरतात, २० मार्च त्याच्या आतच आहे, मग २३४ सी लागायलाच नको. सिस्टिमची चूक आहे, पोर्टलवर ग्रीव्हन्स टाका. आणि मुदत वाढलीय म्हणजे बी पण नको.

हिशेबनीस
ग्रीव्हन्स टाकू नका, आकडे बरोबर आहेत.

ससाभाऊंचं ३१ मार्चचं वाक्य खरं आहे पण ते २३४ बी पुरतं. बी बघतं की वर्ष संपताना, म्हणजे ३१ मार्चला, किती जमा झालं. सी बघतं की ठरलेल्या तारखेला किती जमा होतं. ४४ एडीएवाल्यांना हप्ते चार नाहीत, एकच, १५ मार्चचा. ताईंचे ३०,००० पाच दिवस उशिरा आले म्हणून सी च्या नजरेत त्या दिवशी शून्य जमा होते. पूर्ण ६५,२०० वर एक महिन्याचं १ टक्का, झाले ६५२. बी च्या हिशेबात मात्र तेच ३०,००० धरलेत, बघा, ६५,२०० वजा ३०,००० म्हणजे ३५,२००, त्यावर महिन्याला ३५२. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, २,११२. म्हणजे एकाच पैशावर दोनदा नाही, दोन वेगवेगळ्या कालावधींचं व्याज आहे, सी मार्चचं आणि बी १ एप्रिलपासून पुढचं.

बी का लागलं तेही सांगतो. ३१ मार्चपर्यंत ६५,२०० च्या ९० टक्के, म्हणजे ५८,६८०, जमा असते तर बी ची ओळ शून्य आली असती. मार्चमध्ये अजून २८,६८० भरले असते तर फक्त ६५२ वर सुटला असता.

मुदतवाढीचं बरेच जण चुकतात. रिटर्नची तारीख वाढली की २३४ ए वाचतं, ते उशिरा रिटर्न भरल्याचं व्याज आहे. बी ला रिटर्नच्या तारखेशी देणंघेणं नाही, ते टॅक्स भरेपर्यंत चालूच राहतं. आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात, ३१ ऑगस्टला भरले असते तर पाचच महिने लागले असते, १,७६०. त्या तीन दिवसांचे ३५२ गेले.

काका, तुम्हाला लागत नाही कारण साठीच्या पुढच्या रहिवाशाला धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्सच माफ आहे. ताईंचं व्यवसायाचं उत्पन्न आहे, त्यांना ते लागू नाही.

गेरवाली
हिशेबनीस दादा, खूप खूप आभार, आत्ता कुठे दोन ओळी दोन वेगळ्या का आहेत ते कळलं. पण मी ३५,२०० भरलेत म्हणजे टॅक्स तर पूर्ण झाला ना? मग आता राहिलंय ते फक्त व्याज, त्यावर अजून व्याज चढणार नाही ना, म्हणजे दिवाळीनंतर दिलं तरी चालेल?

हिशेबनीस
इथेच फसतात सगळे. तुम्ही ३ तारखेला भरलेल्या ३५,२०० मधून आधी व्याज वळतं होतं, २,७६४, आणि उरलेले ३२,४३६ टॅक्सला लागतात. म्हणजे तुमच्या नावावर आता २,७६४ चा टॅक्सच बाकी आहे, व्याज नाही. ऑक्टोबर लागला की त्यावर पुन्हा बी सुरू. रक्कम छोटी आहे, शंभराच्या खालचे सोडून २,७०० वर महिना २७ रुपये, पण रिटर्न तसंच सबमिट केलंत तर पुढे डिमांड येईल आणि त्याच्या मागे धावत बसाल. सप्टेंबर चालू आहे तोवर भरलं तर बी एक रुपयानेही वाढत नाही.

देय रक्कम जवळच्या दहाला गोल करतात, म्हणून २,७६४ चे २,७६०.

भरताना e-Pay Tax मध्ये AY 2025-26 आणि Self-Assessment Tax (300) निवडा. Advance Tax (100) वर हात जाईल, तो नको. मग नवीन चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि नंबर रिटर्नमधल्या Schedule IT मध्ये टाका, आधीचं ३५,२०० चं आणि मार्चचं चलन तिथे आहे ना तेही बघा. एखादं चलन राहिलं तर व्याज उगाच फुगतं.

मोतीबाग
मधेच विचारते, मी पण फ्रीलान्स, मराठी-हिंदी कंटेंट लिहिते. माझ्या सीएने आयटीआर-३ भरलं आणि मला सी चं व्याज चारही हप्त्यांचं लावलं, जून सप्टेंबर डिसेंबरचं तीन तीन टक्के आणि मार्चचं एक. मी पण ४४ एडीए घेतलं असतं तर मार्चचं एकच लागलं असतं का?

हिशेबनीस
४४ एडीए बसलं असतं तर हो, एकच. पण कायद्याच्या यादीत वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट हे आहेत, नंतर आयटी वगैरे नोटिफाय झालं, त्यामुळे वेब डेव्हलपर बसतात. कंटेंट रायटिंगचं नाव त्यात नाही. काही सीए दुसऱ्या कशात बसवून घेतात, काही नाही म्हणतात, मी बसवत नाही. तुमच्या सीएने बहुतेक त्यामुळेच टाळलं असेल, त्यांनाच विचारा. तोवर तुमचा या वर्षीचा दुसरा हप्ता १५ सप्टेंबरला आहे, एकूण ४५ टक्के, तो चुकवू नका. ३६ टक्के जरी भरले असतील तरी त्या हप्त्याचं व्याज लागत नाही. गेरवाली ताईंना मात्र या सप्टेंबरमध्ये ॲडव्हान्स टॅक्स भरायचा नाही, त्यांची तारीख थेट १५ मार्च २०२६.

ससा_बडोदा
बरोबर, मी ३१ मार्चचं सी ला पण लावत होतो. ग्रीव्हन्सचं विसरा ताई.

गेरवाली
भरले २,७६०. चलन टाकलं, Amount payable आता ० दाखवतंय, बी आणि सी च्या ओळी तशाच आहेत २,११२ आणि ६५२, तर ते बरोबरच आहे ना, पुसल्या जाणार नाहीत? आणि १५ मार्चसाठी मोबाईलमध्ये १० मार्चचा गजर लावलाय.

हिशेबनीस
ओळी तशाच राहतात, ते लागलेलं व्याज आहे, भरल्याचं खाली जमेत दिसतं. सबमिट करा आणि लगेच ई-व्हेरिफाय पण करा. पुढे १४३(१) ची सूचना आली की त्यात दोन रकाने असतात, एकात तुम्ही भरलेलं आणि दुसऱ्यात खात्याने काढलेलं, या दोन ओळी दोन्हीकडे सारख्या आहेत का तेवढं बघा.

मोतीबाग
माझ्या कामात वेबसाइटचं पान बनवणंही असतं, नुसतं लिहिणं नाही. निम्म्या पावत्या तशा आहेत. मग ते आयटीत धरता येईल का, की सगळंच कंटेंटमध्ये जाईल? कोणाला अनुभव असेल तर सांगा.