साडेसतरा वर्षांचा आरोपी, मग तो ‘सज्ञान’ कोणी आणि कसा ठरवायचा?

कर्वे_रोडचा_पादचारी

कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली गेले. चालवणारा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. आधी तीनशे शब्दांचा निबंध, मग ओरड झाल्यावर निरीक्षणगृह, आणि शेवटी १५ जुलै २०२५ ला बाल न्याय मंडळ म्हणतं, याच्यावर बालक म्हणूनच खटला चालेल. दोन जीव गेले तरी गुन्हा पुरेसा वाईट नाही? मग सोळा ते अठराच्या मुलांना प्रौढ म्हणून चालवायचा २०१५ चा कायदा आणला कशाला? मंडळ हे ठरवतं तरी कसं? जाणकारांनी सांगा. भावनेच्या भरात लिहिलंय, पण प्रश्न खरा आहे.

नाना_वाईकर

ठरवायचं काय त्यात? बार कुठला, दारू किती, गाडी कशी पळवायची, सगळं कळतं. मग शिक्षा तेवढी कळत नाही होय? आमच्या वेळी सतराव्या वर्षी पोरं घर चालवायची. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणातला तो मुलगा तीन वर्षांत सुटला तेव्हा देश पेटला, म्हणून तर कायदा बदलला. आता तोच कायदा बासनात बांधून ठेवलाय.

माजी_सभासद

मी एका जिल्ह्यातल्या मंडळावर समाजकार्यकर्ती सदस्य होते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि आम्ही दोघं, दोघांपैकी एक बाई असावीच लागते.

नाना, पुण्याच्या प्रकरणात मुलाला काय कळत होतं हा प्रश्नच आला नाही. दारातच अडलं. मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं का याचं मूल्यमापन करायचं ते फक्त निर्घृण गुन्ह्यात, आणि निर्घृण कशाला म्हणायचं हे बातमी किती भयंकर यावर नाही, कलमात कमीत कमी शिक्षा किती यावर ठरतं. किमान सात वर्षं लिहिलेली हवीत. इथे सरकारी बाजूचा भर होता सदोष मनुष्यवधाच्या ३०४ वर आणि रक्ताचे नमुने बदलल्यावरून लावलेल्या बनावट दस्तऐवजाच्या ४६७ वर. दोन्हींत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान सात वर्षं कुठेच नाही. ‘पर्यंत’ आणि ‘कमीत कमी’ या दोन शब्दांमधल्या फटीत हे प्रकरण अडकलंय.

ही फट पुण्यात सापडली असंही नाही. दिल्लीत २०१६ साली अशीच भरधाव मोटार, चालवणारा सोळाच्या वरचा आणि अठराच्या आतला, रस्त्यावरचा माणूस ठार. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये त्यात सांगितलं की जास्तीत जास्त शिक्षा सातच्या वर, पण किमान सात नाही, अशा गुन्ह्यांचं काय करायचं हे कायद्यात लिहायचंच राहून गेलंय. संसद काही करेपर्यंत त्यांना ‘गंभीर’ धरा, ‘निर्घृण’ नाही. संसदेनं २०२१ ला दुरुस्ती केली तीही त्याच दिशेनं.

कर्वे_रोडचा_पादचारी

म्हणजे खुनाचा प्रयत्नसुद्धा यात येत नाही?

माजी_सभासद

एरवीच्या ३०७ मध्ये किमान शिक्षा नाही, त्यामुळे येत नाही. खून येतो, बलात्कार येतो. पोक्सोची बरीच कलमं येतात.

तिसऱ्या_वर्षाचा_वकील

थोडी भर. मूल्यमापन तीन महिन्यांत झालं नाही तर मंडळाचा अधिकार संपतो आणि मुलगा आपोआप बालक राहतो. पैसेवाले म्हणूनच तारखा खातात. शिवाय मंडळानं ‘प्रौढ’ म्हटलं की केस थेट सत्र न्यायालयात, तिथे फाशीसुद्धा होऊ शकते.

माजी_सभासद

पहिल्यातलं निम्मं बरोबर. पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिने ही मुदत कायद्यात आहेच. पण ती उलटली म्हणून सगळं गळून पडत नाही, मे २०२४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय.

दुसरं मात्र साफ चूक. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. थेट सत्र न्यायालयात उभं करतात असंही नाही. प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं, आणि याला प्रौढ म्हणून चालवायची गरज आहे का हे त्या न्यायालयानं पुन्हा स्वतः तपासायचं असतं. दोषी ठरला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत तो तुरुंगात जात नाही. त्याला वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात, आणि एकवीस झाल्यावर तो किती बदललाय ते बघून पुढचं ठरतं.

नाना_वाईकर

बघा! सगळीकडे गाद्या-गिरद्या. मेलेल्यांच्या आईबापांना कोण विचारतंय, तुम्ही किती बदललात म्हणून?

माजी_सभासद

तुमचा तो प्रश्न मला खोडता येत नाही. खोडायचाही नाही.

पण आत काय होतं ते सांगते. खुनाचं प्रकरण होतं, आमच्याकडचं, तपशील मुद्दाम पुसट ठेवते. पोलिसांनी साक्षीदारांचे जबाब महिन्याच्या आत द्यायचे असतात, ते आले. परिविक्षा अधिकाऱ्याचा घरचा अहवाल आला: बाप दारूडा, मुलगा आठवीत शाळा सोडलेला, गॅरेजवर कामाला. आम्हाला तीन गोष्टी बघायच्या होत्या: असं कृत्य करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक कुवत, परिणाम समजण्याची ताकद, आणि ते घडलं त्या वेळची परिस्थिती.

मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा यायचे. व्हरांड्यात बाक, आत पंख्याचा आवाज, मुलगा चपला दाराबाहेर काढून आलेला. त्यांनी विचारलं, “माणूस मेला तर पुढे काय होतं?” तो म्हणाला, “पोलीस येतात.” “आणि?” बराच वेळ गप्प. मग, “मालक पगार देणार नाही.” अहवालात आलं, ‘बुद्ध्यांक सरासरी, परिणामांची जाणीव आहे.’ मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पोलीस येतात एवढं कळणं आणि समोरच्याच्या घरात काय होणार ते कळणं एकच का? आणि हे सगळं घटनेनंतर दोन महिन्यांनी, शांत खोलीत. त्या रात्री चार जणांच्या घोळक्यात त्याच्या डोक्यात काय होतं ते बुद्ध्यांकाच्या चाचणीत दिसत नाही.

संशयात्मा

मुद्दा पटला, पण मग उलटही होईल. पढवलेला मुलगा ‘मला काहीच कळत नव्हतं’ म्हणेल. श्रीमंताघरचा तर नक्की. खासगी मानसोपचारतज्ज्ञाचा कागद आणणं त्यांना काय अवघड? आणि मला अजून एक कळत नाही. मुलगा ‘मी केलंच नाही’ म्हणत असेल तर त्याला ‘का केलंस’ हे विचारणार कसं?

माजी_सभासद

नेमकं तिथेच हे सगळं डगमगतं. कायदा म्हणतो, हा खटला नाही, गुन्हा सिद्ध करायचा नाही. पण ‘कोणत्या परिस्थितीत केलं’ हे विचारताना ‘केलं’ हे धरूनच चालावं लागतं.

गुरुग्रामच्या शाळेतलं २०१७ चं प्रकरण आठवा. सात वर्षांचा मुलगा शाळेच्या स्वच्छतागृहात मारला गेला. पोलिसांनी आधी बसचा कंडक्टर पकडला. मग तपास सीबीआयकडे गेला आणि त्यांनी अकरावीतल्या मुलाला ताब्यात घेतलं. न्यायालयानं त्याला ‘भोलू’ असं नाव दिलं, खरं नाव छापायला बंदी आहे म्हणून. डिसेंबर २०१७ मध्ये मंडळानं त्याला प्रौढ ठरवलं, उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते रद्द केलं, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द करणंच कायम ठेवलं. अडचण काय होती? ज्या अहवालांवर निर्णय उभा होता ते वाचायला मुलाच्या बाजूला जेमतेम अर्धा तास दिलेला. आणि मंडळानं कुवत आणि परिणामांची समज एकाच मापानं मोजली. न्यायालयानं सांगितलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिणाम म्हणजे लगेच दिसणारा परिणाम एवढाच नाही, समोरच्याच्या कुटुंबाचं, स्वतःच्या कुटुंबाचं पुढे काय होणार तेही. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा बालमानसोपचाराचा पदवीधर व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं, मर्जीचं नाही.

नाना, याचा अर्थ तो सुटला असा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळानं नव्यानं तपासून त्याला पुन्हा प्रौढच ठरवलं.

नाना_वाईकर

मग पाच वर्षं घालवून मिळवलं काय?

संशयात्मा

कंडक्टरच्या घरच्यांना विचारा, घाईनं काय मिळालं असतं ते.

दापोलीची_मावशी

तुमची चर्चा मोठ्या लोकांची चाललीय. मी आमचं विचारते. भाचा सतरा वर्षांचा, मुलगी साडेसोळाची, एकाच क्लासला. दोघं पुण्याला पळाले, चार दिवसांत परत आणले. मुलीच्या वडिलांनी तक्रार केली, पोक्सो लागला. परवा आम्हाला सांगितलं की निर्घृण गुन्हा आहे, मुलाचं मूल्यमापन होणार. निर्घृण? त्यानं कुणाला चापट मारलेली नाही. मानसशास्त्रज्ञांनी त्याला वीस मिनिटं विचारलं. अहवालात काय आहे ते कोणी सांगत नाही. वकील म्हणतात, तारखेला बघू.

कर्वे_रोडचा_पादचारी

थांबा. दोन माणसं मारणारा ‘निर्घृण’मध्ये बसत नाही आणि हा बसतो?

माजी_सभासद

हो. पोक्सोच्या त्या कलमात मुलगी सोळाच्या वर असली तरी किमान दहा वर्षं लिहिली आहेत, म्हणून दार उघडलं. मला विचाराल तर कायद्यातला सगळ्यात वाकडा भाग हाच. पण दार उघडलं म्हणजे आत ढकललंच पाहिजे असं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय की कुवत दिसली म्हणून आपोआप प्रौढ ठरवायचं नसतं, खरंच गरज आहे का ते बघायचं.

मावशी, अहवालाची प्रत मागायचा लेखी अर्ज वकिलांना आजच द्यायला सांगा. गोपनीय आहे म्हणतील, तेव्हा भोलूच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाचं नाव घ्यायला सांगा. तिसरा मुद्दा, परिस्थितीचा, तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे. दोघांचे मेसेज, क्लासची हजेरी, मुलीचा जबाब, हे मंडळासमोर आलं पाहिजे. निर्णय विरोधात गेला तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, आणि तिथे आधीचे सोडून दुसरे मानसशास्त्रज्ञ घ्यावे लागतात.

तिसऱ्या_वर्षाचा_वकील

आणि भाच्याला एकट्याला कुणाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला पाठवू नका.

नाना_वाईकर

मावशी, तुमच्या भाच्याबद्दल मी बोलत नव्हतो. पण किमान शिक्षेची अट काढली की कल्याणीनगरवालाही सापडेल, हे माझं मत तसंच आहे.

माजी_सभासद

आणि त्याच जाळ्यात मावशींच्या भाच्यासारखे आणखी किती येतील, तेही मोजा.

दापोलीची_मावशी

तारीख शुक्रवारी आहे. मुलीचा जबाब आमच्या बाजूनं आहे असं ऐकलंय, पण तिला तिच्या घरातून फोनसुद्धा करू देत नाहीत. अर्ज मीच लिहून नेते, वकिलांची फक्त सही घेते.