पत्रिकेच्या फाईलचं सांगा

"आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात रोजच्या मोबाईल वापराबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे, काय काय सांगू?"

भाऊ, सगळं सांगत बसू नका, एक पत्रिकेचं सांगा. मागच्या लगनसराईत आमच्या काकाजींना व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून पत्रिका आली, नाव `Lagna_Patrika.apk`, आता खरी पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ, शेवटी `.apk` दिसलं की ते ॲप असते बाप्पा. यांनी दाबलं, फोननं विचारलं अनोळखी ॲप इन्स्टॉल करू देऊ का, तेही हो केलं, मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागून राहिलं. पत्रिकेला आपले मेसेज काऊन पाहिजेत? बँकेचा ओटीपी तिथंच येते ना! तिथं काकाजी थबकले म्हणून वाचले. पाठवणाऱ्याचाच फोन आधी फसला होता, त्याला पत्ताच नाही.

कोणी परवानगी देऊन बसलंच, तर आधी त्या फोनचं नेट बंद अन् सिम बाहेर, मग पोराच्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन लावा. नुसतं ॲप डिलीट करून भागत नाही, तोवर ओटीपी गेलेला असू शकते.