कल्चर रिपोर्टमधला ‘सेन्सिटिव्ह’ : आई की जंतू?

सातारी_तिखट
एका शब्दाचा अर्थ विचारायचाय. आईला (वय ६२, शुगर आहे) लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला जावं लागायचं, ताप नाही. डॉक्टरांनी लघवी कल्चरला पाठवून सेफिक्झिम सुरू केलं, जळजळ अजून तशीच आहे आणि आज रिपोर्ट आला. ई. कोलाय, एक लाखाच्या वर, खाली औषधांची यादी. सेफिक्झिम आर, सिप्रो आर, नायट्रोफ्युरँटॉइन एस ≤१६, फॉस्फोमायसिन एस, मेरोपेनेम एस ≤०.२५. एस म्हणजे सेन्सिटिव्ह. तर आईने घोषाच लावलाय की मी त्याला सेन्सिटिव्ह आहे म्हणजे मला रिॲक्शन येणार, ते देऊच नका. मराठीत ‘संवेदनशील’ लिहिलं असतं तरी तिने हेच म्हटलं असतं. काय म्हणावं याला?

काका_डोंबिवली
ॲलर्जीचा काही संबंध नाही हो. सेन्सिटिव्ह जंतू आहे, आई नाही. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे नाही. आणि पुढचा आकडा जितका लहान तितकं औषध जालीम, कारण थोडक्यात काम होतं. तुमच्या यादीत ०.२५ सगळ्यात लहान म्हणजे मेरोपेनेम एक नंबर, तेच मागा.

लॅबवाली
काका पहिलं वाक्य अगदी बरोबर पण आकड्यांचं तसं नाही. तो आकडा म्हणजे एक मिलिलिटरमध्ये किमान किती मायक्रोग्रॅम औषध असलं की तो जंतू वाढायचा थांबतो. पण प्रत्येक औषधाची पास व्हायची रेघ वेगळी, नायट्रोची ३२ पर्यंत एस, मेरोपेनेमची १ पर्यंत. सोन्याचा तोळ्याचा भाव आणि कांद्याचा किलोचा भाव शेजारी ठेवून कांदा स्वस्त म्हणण्यासारखं होतं ते. शिवाय ≤१६ म्हणजे १६ नव्हे, मशीनच्या कार्डावर त्या औषधाची सगळ्यात कमी मात्रा १६ होती आणि तिथेच जंतू वाढला नाही एवढंच, खरा आकडा त्याहून कमीही असेल.

नायट्रो लघवीत भरपूर उतरतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात फारसं पोचत नाही. म्हणून मूत्राशयापुरतं इन्फेक्शन असेल तर उत्तम, पण ताप, थंडी, कुशीत दुखणं असेल तर रिपोर्टवर एस असूनही उपयोगाचं नाही. हे रिपोर्ट सांगत नाही, पेशंट सांगतो. ताई, आईंचं क्रिएटिनिन किती? आणि रिपोर्टखाली काही शेरा आहे का?

सातारी_तिखट
०.९ आहे. कुशीत दुखत नाही. शेरा आहे, ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’. ते वाचून तर मीच घाबरले.

लॅबवाली
म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो जे सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधं तोडून टाकतं. जळजळ का थांबली नाही ते कळलं ना. पण नायट्रो किंवा फॉस्फोमायसिनला ते एन्झाइम काही करत नाही. किडनी ठीक, ताप नाही, तर डॉक्टर बहुतेक यातलंच एक देतील. नायट्रो साधारण १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा ५ दिवस, जेवणानंतर. शुगर असली की काही डॉक्टर ७ दिवस देतात, त्यावर एकमत नाही. फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचं एकच पाकीट असतं. मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं, ते गंभीर पेशंटसाठी राखून ठेवायचं.

निवृत्त_मास्तर
माझ्या पण चेकअपच्या रिपोर्टात ई. कोलाय निघालाय, एक लाखाच्या वर, नायट्रो एस आहे. त्रास काहीच नाही. मीही ५ दिवस घेऊन टाकू का?

लॅबवाली
मास्तर, त्रास नसेल तर सहसा काहीच घ्यायचं नसतं. गरोदरपण किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून गोळ्या सुरू करू नका.

शब्दवेडा
मूळ प्रश्न राहिलाच की. आपल्याकडे ‘औषधाला दाद देत नाही’ म्हणतातच. मग एस म्हणजे जंतू दाद देतो, आर म्हणजे दाद देत नाही. आई गोंधळणार नाही. पण मधला आय असतो त्याला काय म्हणायचं? अर्धी दाद?

लॅबवाली
‘दाद’ आवडलं. आयला मात्र अर्धी म्हणू नका. युरोपच्या समितीने २०१९ पासून त्याचा अर्थच बदलला, जास्त मात्रा दिली तर दाद देईल असा. अमेरिकन पद्धतीच्या रिपोर्टात अजून मधला असाच धरतात. एक शब्द दोन्हीला पुरणार नाही.

सातारी_तिखट
डॉक्टरांनी सेफिक्झिम बंद करून नायट्रो दिलंय ५ दिवस, ताप आला तर लगेच फोन करा म्हणाले. आईला सांगितलं जंतू दाद देणारा आहे, तेव्हा कुठे गोळी घेतली.

काका_डोंबिवली
बरं झालं. पण मेरोपेनेम द्यायचंच नाही तर रिपोर्टवर छापतात कशाला? माझ्यासारखा माणूस तेच मागणार ना.

लॅबवाली
काही लॅब छापतच नाहीत, साधं औषध चालत असेल तर भारीचं नाव झाकून ठेवतात. आमच्याकडे यावरून दर मीटिंगला भांडण होतं. डॉक्टर म्हणतात सगळं दिसू दे, आम्ही म्हणतो दिसलं की लिहिलं जातं.