लग्नेश बाराव्यात : कुंभ लग्न, शनी मकरेत

दादरची आई : मुलाचा जन्म १२ एप्रिल २०२२, दादर, पहाटे ३.३५. कुंभ लग्न साडेतीन अंश, शनी मकरेत २८ अंश. गुरुजी म्हणाले, लग्नेश व्ययात, जन्मभर दवाखाना नाहीतर परदेश. एका ग्रहावर एवढं ठरतं का?

गिरगावकर : गुरुजींचं बरोबर आहे. लग्नेश म्हणजे जातकाचं शरीर. ते व्ययात गेलं की झोप, खर्च, जन्मगावापासून दूर राहणं, हे मागे लागतंच. शनी स्वगृही म्हणून खूश होऊ नका, त्याने व्ययस्थानच बळकट होतं.

डोंबिवलीची सून : लग्नेश बाराव्यात म्हणजे मुलाचं लग्नच होणार नाही का? माझ्या भाच्याचंही असंच आहे.

पार्लेकर : ताई, हे लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. विवाह सप्तमेशावरून बघतात, इथे तो रवी.

गिरगावकर, व्ययातला प्रत्येक लग्नेश सारखा कसा? तूळ लग्नाचा शुक्र बाराव्यात कन्येत नीच होतो, तिथे तुमचं म्हणणं मान्य. कुंभेला मात्र शनी बारावं आणि पहिलं, दोन्ही घरांचा मालक आहे. तो स्वतःच्याच घरात बसून दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या स्थानाकडे बघतो. माझ्या मते असा माणूस लांब जाऊन, एकट्याने, उशिरा उभा राहतो. फळ ठळक दिसायला शनीची दशा लागते. निव्वळ स्थानावरून 'जन्मभर' म्हणणं घाईचं आहे.

मुलुंडकर : एवढी चर्चा कशाला? चलित उघडा. शनी पहिल्या भावात येतो, बारावं विसरा.

पार्लेकर : निम्मं खरं. आपल्या चलितात लग्नबिंदू भावाच्या मध्यावर असतो, म्हणून मागचे साधारण पंधरा अंशही पहिल्या भावात येतात. शनी लग्नाच्या फक्त पाच अंश मागे आहे, तेव्हा भावफळ पहिल्याचं धरता येईल. पण तो मकरेतून हलत नाही. दृष्टी आणि योग राशिकुंडलीवरूनच घ्यायचे.

गिरगावकर : चलिताने फळ बदलतं हे मला पटत नाही. रास बारावी, तर फळ बाराव्याचं.

पार्लेकर : त्याआधी वेळ तपासा. त्या पहाटे लग्न सव्वातीन मिनिटांत अंशभर सरकत होतं. ३.२३च्या सुमारास मकर संपून कुंभ लागली. त्याआधीचा जन्म असेल तर मकर लग्न, आणि लग्नेश तोच शनी, पण लग्नातच, स्वगृही. म्हणजे शश योग! बाळ बाहेर आल्याची वेळ आणि कागदावर चढवलेली वेळ यांत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. दादरऐवजी नुसतं मुंबई टाकलं तरी चालेल, त्याने मिनिटाचाही फरक पडत नाही.

दादरची आई : डिस्चार्ज कार्डावर ३.३५ आहे. आत्ता फाईल काढली, तर लेबर रूमच्या कागदावर ३.२० लिहिलंय.

गिरगावकर : मग ३.२० धरून पुन्हा कुंडली मांडा. मकर लग्न आलं तर माझं व्ययाचं म्हणणं मागे. ३.३५ पक्की निघाली तर मी बाराव्यावरच ठाम आहे.