कुर्त्यावर इस्त्रीचा डाग, ओढणीवर चकाकी (कोल्हापुरातून, जरा घाई आहे)

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

मी सध्या कोल्हापुरात, राजारामपुरीत माहेरी आहे. रविवारी बाबांची पंचाहत्तरी. त्यांचा पांढरा सुती कुर्ता, कडक खळ दिलेला, भाच्याने उत्साहाने इस्त्रीला घेतला आणि खांद्याखाली इस्त्रीचा अख्खा ठसा उठला. बराचसा भाग फिकट पिवळा आहे, टोकाशी मात्र गडद तपकिरी. त्याच तापलेल्या इस्त्रीखाली माझी पॉलिएस्टर जॉर्जेटची ओढणीही गेली. तिच्यावर रंगाचा डाग नाही, पण तळहाताएवढा भाग चकचकीत आणि कडक झालाय.

कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले मामा म्हणाले, "ताई, सुती कपड्याचं काहीतरी करता येईल, ओढणीचं सोडा." खरंच सोडायचं का?

प्रेषक: सुधीरकाका

मृणाल, एवढं काय घाबरायचं! लिंबू पिळ, वर मीठ चोळ आणि गच्चीवर उन्हात टाक. आमच्या आईने आयुष्यभर हेच केलं. तेवढ्याने नाही गेला तर ब्लीच आहेच. बाबांना माझा नमस्कार सांग.

प्रेषक: शैला

इस्त्रीचा डाग काढायला मी तापाची गोळी वापरते. इस्त्री गरम करायची, गोळी चिमट्यात धरून काळ्या भागावर घासायची आणि सुती फडक्याने पुसून घ्यायची. तळ लख्ख होतो. हाताला चटका बसणार नाही एवढं बघ.

प्रेषक: वर्षा

मृणाल, मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कुर्ता कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजव आणि हलक्या हाताने धू. कापसाच्या आधी खळ करपते, त्यामुळे खळीच्या कपड्यावरचा डाग दिसतो त्यापेक्षा वरवरचा असू शकतो. अर्धा पिवळेपणा इथेच उतरला तर नवल नाही. वाळवायची घाई नको आणि पुन्हा इस्त्री तर मुळीच नको.

मग डाग उजेडासमोर धर. नुसता पिवळा असेल आणि वीण शाबूत दिसत असेल, तर धाग्यांचा फक्त वरचा थर करपलाय. आता गडद टोकावर नखाने हलकं खरवड. भुकटी सुटली किंवा धागे तुटले तर तिथला कापूस जळून गेलाय. कुठलंही औषध रंग उतरवेल, पण धाग्यातली ताकद परत आणणार नाही. अशा जागी डाग जातो आणि दोन धुण्यांनंतर भोक पडतं.

पिवळ्या भागासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड घे, 3 टक्क्यांचं. खाली पांढरा टॉवेल घालून डाग त्याने ओला कर आणि वर अमोनियाचे दोन-तीन थेंब टाक. अमोनिया मिळाला नाही तर चिमूटभर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून लाव. पेरॉक्साइड आम्लात आळसावतं, सोड्यात कामाला लागतं. मग वाट बघ, पण डाग सुकू देऊ नकोस. सुकत आला की पुन्हा लाव. तासाभरात फरक दिसायला हवा. शेवटी भरपूर पाण्यात खळबळून काढ. सोडा कापडात राहिला तर पुढच्या इस्त्रीला तोच पिवळा पडतो आणि तुला वाटेल की डाग परत आला.

सुधीरकाका, लिंबू चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या डागाचं औषध. वाफेच्या इस्त्रीतून गंजाचं पाणी ठिबकलं की हुबेहूब करपल्यासारखा तपकिरी ठिपका पडतो. तिथे लिंबू-मीठ चांगलं चालतं आणि पेरॉक्साइड उलट घात करतं, कारण लोखंडाच्या संगतीने ते तिथलं कापडच खातं. करपलेल्याला इस्त्रीचा आकार असतो, गंजाचे थेंब विखुरलेले असतात. आणि लिंबू नीट न धुता वर इस्त्री फिरवली तर ते स्वतःच तपकिरी पडतं.

ब्लीचबद्दल एकच सांगते. ते आणि अमोनिया किंवा लिंबू एकत्र कधीही आणू नका, विषारी वायू सुटतो. एक वापरलं असेल तर कपडा पूर्ण धुतल्याशिवाय दुसरं नाही.

ओढणीबाबत लाँड्रीवाले मामा बरोबर आहेत. कापूस वितळत नाही, जळतो. पॉलिएस्टर आधी मऊ पडून चपटं होतं आणि साधारण 250 अंशांच्या पुढे वितळतं. इस्त्रीवरचे तीन ठिपके म्हणजे सुमारे 200 अंश, पण बिघडलेला थर्मोस्टॅट कुठपर्यंत जाईल याचा नेम नाही. नुसती चकाकी असती तर उलट्या बाजूने, ओलं सुती फडकं मध्ये ठेवून, वाफ देऊन मऊ ब्रशने धागे उभे करून बघता आले असते. भाग कडक लागतोय म्हणजे धागे एकमेकांना चिकटलेत. ते सुटत नाहीत.

प्रेषक: मृणाल

वर्षाताई, किती छान सांगितलंत! मेडिकलमधून बाटली आणली, पण तिच्यावर टक्के नाहीत, "20 व्हॉल्यूम" लिहिलंय. अमेरिकेत 3 टक्क्यांची सहज मिळते. ही तशीच लावू का?

प्रेषक: वर्षा

20 व्हॉल्यूम म्हणजे साधारण 6 टक्के. लागेल तेवढीच वाटीत काढून तितकंच पाणी घाल. उरलेलं बाटलीत परत ओतू नकोस. हातमोजे घाल, नाहीतर बोटं पांढरी पडून चुणचुणतील. कुर्त्यावर रंगीत भरतकाम असेल तर आधी आतल्या शिवणीवर लावून बघ.

प्रेषक: प्रसाद

मध्येच विचारतो. माझ्या काळ्या टेरिकॉट पँटला गुडघ्याशी चकाकी आहे. वर्षाताई, तिलाही पेरॉक्साइड?

प्रेषक: वर्षा

प्रसाद, नको! काळ्या पँटचा रंग उतरला तर आणखी उठून दिसेल. तुला वाफ आणि ब्रश. फडक्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालणारे लोक आहेत. मला त्यात वाफेपेक्षा वेगळं काही घडताना दिसलं नाही, पण नुकसानही नाही. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतंच, त्यामुळे इस्त्री दोन ठिपक्यांच्या वर नेऊ नकोस.

प्रेषक: सुधीरकाका

वर्षा, आईच्या लिंबाने डाग जायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गंजाचे होते म्हणतेस?

प्रेषक: वर्षा

काका, असतीलही. किंवा हलके करपलेले असतील आणि काम उन्हाने केलं असेल. ओल्या पांढऱ्या सुती कापडाला ऊन थोडंफार उजळवतंच. आता कसं सांगणार?

प्रेषक: मृणाल

हाल-हवाल सांगते. साबणाच्या पाण्यातच बराच पिवळेपणा गेला, म्हणजे खळच करपली होती. पेरॉक्साइडने उरलेला ठसा गेला. टोकाशी नखाएवढी फिकट तपकिरी खूण आहे आणि तिथे खरवडल्यावर थोडी भुकटी निघाली, म्हणून पुढे काही लावलं नाही. आतून त्याच कापडाचा तुकडा लावून शिंपीकाकांकडून बारीक टाके घालून घेते. वर जाकीट येणार आहे, झाकून जाईल.

ओढणीचा चकचकीत भाग कापून उरलेल्याचं काय करावं, यावर आईचं आणि माझं एकमत नाही. आणि शैलाताई, तुमची गोळी कामाला आली. ओढणीचं वितळलेलं पॉलिएस्टर इस्त्रीच्या तळाला चिकटलं होतं, ते निघालं. भाचा आता प्रत्येक कपड्याआधी इस्त्री जुन्या चादरीच्या तुकड्यावर टेकवून बघतो.