दुबईहून घरी पैसे: ‘झिरो फी’ ॲप की एक्स्चेंज? खरं स्वस्त काय पडतं?

डिचोलीची_सून
आमचे हे दुबईला असतात. पगार झाला की 4,000 दिरहम माझ्या बचत खात्यात पाठवतात. आतापर्यंत कामावरून येताना वाटेतल्या एक्स्चेंजमध्ये जायचे, तिथे व्हॅट धरून 23 दिरहम फी लागते. आता त्यांच्या खोलीतले बाकीचे सगळे बँकेच्या ॲपवरून पाठवायला लागलेत. तिथे फी शून्य. ‘दर महिन्याला 23 दिरहम फुकट घालवतोस’ म्हणून त्यांना चिडवतात. पण ॲपवर रेट थोडा कमी दिसतो. काल रात्री एकाच वेळी दोन्ही बघितले: एक्स्चेंजचा 24.38, ॲपचा 24.16. डॉलर 90 रुपये होता. 22 पैशांसाठी एवढं डोकं लावण्यात अर्थ आहे का? आणि चवथीच्या आधी मधेच 500 दिरहम जास्तीचे पाठवायचे असतात, तेव्हाही हेच लागू होतं का?

म्हापसेकर
ताई, साधा नियम सांगतो. जिथे ‘फुकट’ लिहिलेलं असतं तिथे रेटमध्ये कापतात. फी घेणारा निदान तोंडावर सांगून घेतो. डोळे मिटून एक्स्चेंजला जा, नेहमी तेच स्वस्त.

फोंड्याचा_हिशेबनीस
म्हापसेकर, रेटमध्ये कापतात हे बरोबर, पण ‘नेहमी’ नाही. पणजीच्या एका बँकेत परदेशी पैशांच्याच टेबलावर बसून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी खरा रेट काढायचा. दिरहमच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण 1997 पासून तो डॉलरला 3.6725 वर बांधलेला आहे. डॉलरचा बाजारभाव घ्या आणि 3.6725 ने भागा. 90 भागिले 3.6725 म्हणजे साधारण 24.51. मधे कुणीच काही घेतलं नाही तर 4,000 दिरहमचे 98,026 रुपये झाले असते. तुलना या आकड्याशी करायची. ॲपच्या रेटची एक्स्चेंजच्या रेटशी तुलना करत बसलात, तर दोघेही किती खातात ते कळत नाही.

आता एक्स्चेंज. खिशात 4,000 आहेत, त्यातूनच फी जाणार, म्हणून 3,977 गुणिले 24.38. मिळाले 96,959. म्हणजे 1,067 रुपये गेले. त्यातले साधारण 564 फीचे, बाकी 503 रेटमधले. बघा, फी घेणाऱ्यानेही रेटमध्ये हात मारलेलाच आहे, फक्त कमी. ॲप: 4,000 गुणिले 24.16, मिळाले 96,640. गेले 1,386. एकाकडे शेकडा 1.1 च्या आसपास, दुसऱ्याकडे 1.4. या रकमेला तुमच्या मिस्टरांचंच बरोबर आहे, महिन्याला 319 रुपये वाचतात. खोलीतल्या मंडळींना हा आकडा दाखवा.

चवथीच्या 500 दिरहमचं मात्र उलटं होतं. एक्स्चेंजला 477 उरतात, त्याचे 11,629 रुपये. ॲपवर अख्ख्या 500 चे 12,080. इथे ॲपच 451 रुपयांनी बरं. फी 500 ला 23 आणि 4,000 लाही 23. रेटमधला काप मात्र रकमेबरोबर वाढत जातो.

मग नेमकी कुठे पालटी होते? फीचे रुपये काढा: 23 गुणिले 24.38, म्हणजे 561. त्याला दोन रेटमधल्या फरकाने भागा, 561 भागिले 0.22. आलं 2,550. या रेटला 2,550 दिरहमच्या खाली ॲप, वर एक्स्चेंज. फी किंवा फरक बदलला की हा आकडाही सरकतो, म्हणून तो पाठ करू नका, भागाकार तेवढा लक्षात ठेवा.

म्हापसेकर
500 ला मानलं. मोठ्या रकमेला तरी माझंच बरोबर ना?

फोंड्याचा_हिशेबनीस
या दोन रेटना हो. पण मोठ्या रकमेला काही ॲप रेटमधला काप कमी करतात, आणि पहिल्या खेपेला नव्या गिऱ्हाइकाला खास रेट देतात. मग तुमचा नियम मोडला. दुसऱ्या खेपेचा रेट बघितल्याशिवाय कुणाचं कौतुक करू नये.

पर्वरीचा_पात्रांव
तुम्ही लोक टीसीएस कराचं विसरलात! तो धरला तर हे सगळे हिशेब कोलमडतात.

फोंड्याचा_हिशेबनीस
टीसीएस इथून बाहेर पाठवलेल्या पैशांवर, एका मर्यादेच्या वर. इथे पैसे येतायत. नवऱ्याने बायकोला घरखर्चाला पाठवले त्यावर टीसीएस नाही.

पर्वरीचा_पात्रांव
अच्छा. माझा मुलगा कॅनडात शिकतो, मी पाठवतो, त्यामुळे तेच डोक्यात. चालू द्या.

बोटीवरचा
माझं वेगळं आहे, पण विचारतो. मी जहाजावर असतो, कंपनी डॉलरमध्ये घरी पाठवते, थेट बँकेतून, स्विफ्टने. कागदावर 1,500 डॉलर, बँकेत पोचतात 1,478. त्यानंतर रेटसुद्धा बाजारापेक्षा कमी लावतात. डॉलर 90 होता तेव्हा मला 89.20 लावला. वर जीएसटीची ओळ वेगळी. बँकेत विचारलं की ‘वरूनच तसं आलंय’ एवढंच उत्तर. कोण किती खातंय ते कसं काढायचं?

फोंड्याचा_हिशेबनीस
तुमच्या पैशाला तीन ठिकाणी कात्री लागते. ती वेगवेगळी केली की कुणाशी बोलायचं ते कळतं.

22 डॉलर भारतात पोचण्याआधीच गेले, वाटेतल्या मध्यस्थ बँकेने कापले. 90 ने 1,980 रुपये. पाठवताना खर्च कुणाच्या माथी याचा शिक्का असतो: OUR म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, SHA म्हणजे वाटून, BEN म्हणजे सगळा तुमचा. तुमचे बहुधा SHA ने येत असणार. कंपनीच्या एजंटकडे पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागा, तिला MT103 म्हणायची सवय आहे, त्यात हा शिक्का दिसतो. वाटेत कापलेली रक्कम मात्र त्या प्रतीत असेलच असं नाही.

दुसरा काप तुमच्या इथल्या बँकेचा. 1,478 वर डॉलरमागे 80 पैसे, म्हणजे 1,182 रुपये. शाखेत भिंतीवर किंवा संगणकात असतो तो ‘कार्ड रेट’, म्हणजे न भांडणाऱ्यांसाठीचा. दर महिन्याला नेमाने डॉलर येत असतील तर मॅनेजरला विचारा की ट्रेझरीकडून चांगला रेट घेता येईल का. तोंडाने नको, अर्ज लिहून द्या. मी टेबलावर होतो तेव्हा मागणाऱ्याला दहा-वीस पैसे सुटायचे. न मागणाऱ्याला कुणी हाक मारून देत नसे.

जीएसटी सरकारचा. तो अख्ख्या रकमेवर 18 टक्के नसतो. लाखापर्यंत रकमेचा 1 टक्का धरून त्यावर 18. तुमचे झाले 1,31,838 रुपये, म्हणून पहिल्या लाखाचे 1,000 आणि वरच्या 31,838 चा अर्धा टक्का 159, मिळून 1,159. त्याचे 18 टक्के 209. यात भांडायला जागा नाही.

एकूण 3,371, म्हणजे दीड हजार डॉलरमागे अडीच टक्के. तुम्ही ज्या जीएसटीच्या ओळीवर चिडलात ती यात सगळ्यात लहान.

डिचोलीची_सून
आमच्या खात्यात जीएसटीची ओळ कधीच दिसली नाही. ती कुठे लपलेली आहे का?

फोंड्याचा_हिशेबनीस
नाही. तुमचे दिरहम तिकडेच रुपयांत बदलतात आणि इथे रुपयेच येतात. इथल्या बँकेने चलन बदललंच नाही, मग त्यावरचा जीएसटी कुठून? बोटीवरच्यांचे डॉलर मात्र इथे येऊन बदलतात. म्हणून आखातातून घरखर्चाच्या रकमेला स्विफ्ट सहसा महाग पडतं. तुमचेच 4,000 दिरहम तिकडे डॉलर करून स्विफ्टने आणले तर दोनदा बदल, वाटेतला काप, वर जीएसटी. तीन-चार टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं.

कुवेतकर_पेडणे
आमच्या इथे ओळखीचा एक आहे, संध्याकाळी दिनार दिले की घरी अर्ध्या तासात रोख, रेट एकदम बाजाराचा. त्यापुढे हे सगळं महागच. आणि तो डॉलरने भागायचा प्रकार दिनारला करून बघितला, जमला नाही.

फोंड्याचा_हिशेबनीस
पहिल्याला हुंडी म्हणतात आणि ती फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदेशीर आहे. उद्या घर घेताना ‘हे पैसे कुठून आले’ विचारलं की दाखवायला कागद नाही. पुढे त्यावर बोलत नाही.

दुसरं: दिनार 2007 पासून एकट्या डॉलरला बांधलेला नाही, अनेक चलनांच्या टोपलीला बांधलाय, म्हणून तिथे ठरावीक आकड्याने भागता येत नाही. त्याच मिनिटाचा बाजारभाव बघावा लागतो. सौदी रियाल 3.75 आणि कतारी 3.64, हे चालतात.

डिचोलीची_सून
आज यांनी एक्स्चेंजची पावती पाठवली. तिच्यावर 24.38 कुठेच नाही, रेटच्या जागी 0.04102 लिहिलंय. फसवलं का?

फोंड्याचा_हिशेबनीस
फसवलं नाही, उलटा लिहिलाय. एका रुपयाला किती दिरहम, तसा. कॅल्क्युलेटरवर 1 भागिले 0.04102 करा, 24.38 येतं. मात्र त्याच पावतीवर खाली ‘लाभार्थीला मिळणारी रक्कम’ असते, मी आधी ती बघतो. तिला खिशातून गेलेल्या एकूण दिरहमने भागा, फीसकट 4,000 ने. 96,959 भागिले 4,000 म्हणजे 24.24. हा तुमचा खरा रेट. ॲपचाही असाच काढा, मग फीबद्दल वेगळं बोलायचं कारण उरत नाही.

आणि शनिवार-रविवारी तुलना करू नका. रुपयाचा बाजार बंद असतो, सोमवारी रेट कुठे उघडेल माहीत नसतं, म्हणून बरेच जण रेट थोडा आखडून ठेवतात.

म्हापसेकर
मग रुपया घसरेपर्यंत थांबून पाठवलं तर? माझा भाऊ तसंच करतो. दोन-तीन महिन्यांचे एकदम, वर फीही एकदाच.

फोंड्याचा_हिशेबनीस
फी एकदाच हा मुद्दा पक्का, दोन महिन्यांचे एकदम पाठवले तर 561 रुपये वाचले. रुपया कुठे जाईल हे मात्र मला टेबलावर असतानाही कळलं नाही.

बोटीवरचा
भावाचं जमतं कारण त्याच्या घरी हप्ता नसेल. माझ्या घरकर्जाचा हप्ता पाच तारखेला कापतात, तो चुकला तर बँक दंड लावते. तो दंडही या हिशेबात धरायला हवा ना?

म्हापसेकर
भावालाही घराचा हप्ता आहे हो. पण पगारातली थोडी शिल्लक तो इकडे ठेवूनच असतो, त्यातून भागतं. तरी रुपया घसरणार हे मी म्हणतोच.

डिचोलीची_सून
आमच्याकडे शिल्लक राहत नाही, तेव्हा महिन्याचं महिन्यालाच. 4,000 एक्स्चेंजमधून, चवथीचे ॲपवरून, असं ठरवलंय. देव बरें करूं हिशेबनीसकाका. बोटीवरचे दादा, तो MT103 मिळाला की इथे सांगा, माझा दीरही जहाजावर आहे.

बोटीवरचा
एजंटला मेल केलाय. ‘पेरोलला विचारून सांगतो’ एवढंच उत्तर आलंय.