अर्ज करण्याआधी आतल्या माणसाला काय विचारलंत?

जाहिरातीत कामाचं वर्णन असतं, टीम कशी आहे ते नसतं. म्हणून तिथे सध्या काम करणाऱ्या कुणाला तरी गाठावं लागतं. तुम्ही नेमकं काय विचारलंत, उत्तर काय आलं आणि त्यावरून काय ठरवलंत, ते सविस्तर लिहा. कंपनीचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

सर्व्हर सांभाळणारी

"वातावरण कसं आहे?" असं विचारलं की "छान आहे" एवढंच हाती लागतं. त्यामुळे मी घडलेल्या गोष्टींबद्दल विचारते. मागच्या वेळी पहिला प्रश्न टाकला, "ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेल्यामुळे?" तो म्हणाला, "दोघं गेले, दोन्ही जागा भरायच्यात." मग विचारलं, "रात्री सिस्टिम बंद पडली तर उठायची पाळी तुझ्यावर किती दिवसांनी येते?" चार जणांच्या टीममध्ये ती चार आठवड्यांतून एकदा यायला हवी. त्याच्यावर एक आठवडा सोडून येत होती, कारण उरले होते दोघंच. "आणि गेल्या पाळीत किती वेळा उठलास?" यावर तो जरा थांबला. जवळजवळ रोज रात्री, आणि तेही एकाच जुन्या बिघाडामुळे. तो दुरुस्त करायला वेळच मिळत नव्हता.

इथे खरं चित्र दिसलं. माणसं वाईट नव्हती, साहेबही समजूतदार होते, पण नवीन माणूस काम शिकून पाळीत उभा राहीपर्यंत काही महिने असेच जाणार होते. मी अर्ज केला. मात्र मुलाखतीत दुसरी जागा कधी भरणार आणि त्या बिघाडासाठी वेळ राखून ठेवलाय का, हे स्पष्ट विचारलं. दोन्हींची ठोस उत्तरं मिळाली, म्हणून गेले.

नुकताच पदवीधर झालेला

मी सिनियरकडून थेट रेफरल घेतो. रेफरल असलं की पहिली फेरी माफ होते. टीमचं काय ते आत गेल्यावर कळतंच की.

भरती विभागात काम करणारी

फेरी सहसा माफ होत नाही रे. बायोडेटा कुणीतरी नीट वाचण्याची शक्यता वाढते, इतकंच. पण आधी ओळखीच्या माणसाशी बोलायचं, हे तुझं बरोबर आहे. पुष्कळ कंपन्यांत तुम्ही स्वतः अर्ज भरून टाकलात की नंतर त्यावर रेफरल लावता येत नाही. म्हणून जागेचा क्रमांक आतल्या माणसाला पाठवा आणि ती अजून खुली आहे का, हे टीमच्या मॅनेजरला विचारायला सांगा. काही जाहिराती पुढे कधीतरी लागतील म्हणून नावं गोळा करायला चालू ठेवलेल्या असतात, काहींसाठी आतला उमेदवार जवळपास ठरलेला असतो. बाहेरून हे दिसत नाही.

ज्याला लोक विचारतात असा एक

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. "काही जागा आहे का?" एवढंच लिहून बायोडेटा जोडलेला असतो, तेव्हा मला काय उत्तर द्यावं सुचत नाही. कुठली जागा हवी ते लिहा, दोन प्रश्न लिहा, पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का विचारा. मॅनेजरबद्दल मी लिहून काहीच देत नाही, फोनवर सांगतो. ऑफिसच्या चॅटवर किंवा ऑफिसच्या ईमेलवर तर कृपया विचारूच नका. आणि मी शेजारच्या टीममधला असेन तर माझं म्हणणं त्या टीमला लागू धरू नका. एकाच मजल्यावर दोन मॅनेजरांच्या दोन तऱ्हा असतात.

हिशेब विभागातला

रेफरलचा बोनस मिळणाऱ्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं? मी तरी नोकरी सोडून गेलेल्यालाच विचारतो.

सर्व्हर सांभाळणारी

बोनस बहुतेक ठिकाणी नवीन माणूस काही महिने टिकल्यावरच देतात, म्हणून खोटं सांगून त्याचाही फायदा नसतो. शिवाय सोडून गेलेल्याच्या मनात राग असू शकतो आणि त्याच्या वेळचा मॅनेजरही बदललेला असू शकतो.

हिशेब विभागातला

राग असला तरी तो का गेला ते कळतं. सध्याचा माणूस ते सांगेलच असं नाही. मला अजून पटलेलं नाही.

एक वाचक

माझं थोडं वेगळं आहे. मला आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या टीममध्ये जायचंय. तिथल्या मैत्रिणीला विचारलं तर माझ्या साहेबांपर्यंत जाईल का?

भरती विभागात काम करणारी

मैत्रिणीशी नुसतं बोलणं तिच्याजवळच राहू शकतं, तसं तिला आधीच सांगून ठेवा. अर्जाचं मात्र वेगळं. काही कंपन्यांत अर्ज करतानाच सध्याच्या मॅनेजरला कळवावं लागतं, काही ठिकाणी निवड झाल्यावर. अंतर्गत बदलीचे नियम आधी वाचा. आणि तिकडच्या मॅनेजरला मैत्रिणीमार्फत निरोप पाठवू नका, कारण दोघे मॅनेजर एकमेकांशी बोलतात.